फिल्टर लावलेला राहिला अन् ११५ नंबरच्या चार पावत्या निघाल्या : सोयाबीन खरेदीच्या एक्सेल शीटची तपासणी

हे प्रकरण यवतमाळ-वाशिमच्या सीमेवरच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे, नाव घेत नाही. दसऱ्यानंतर तिथं सोयाबीनची आवक सुरू होते, काट्यावर गाडी लागते, भरलेलं वजन, खाली गाडीचं वजन, मॉइश्चर मीटरवर ओलावा, त्या दिवशीचा दर, आणि मग आठ दिवसांनी चुकारा शेतकऱ्याच्या खात्यात. हा सगळा हिशोब एका एक्सेल फाइलवर चालायचा. ऑफिसातला पोरगा एका फॉर्ममध्ये आकडे भरतो, सेव्हचं बटण दाबतो, मॅक्रो ते रजिस्टरमध्ये टाकतो आणि पावती छापून देतो. मागचे दोन हंगाम याच फाइलवर गेले होते म्हणून कोणाला त्यात काही तपासायचं असतं असं वाटलं नव्हतं.

वाटलं केव्हा, तर दिवाळीच्या आठवड्यात एक शेतकरी पावती घेऊन आला आणि म्हणे, "भाऊ, साऱ्याइचे चुकारे आले, माहाच काउन नाही आला?" पावती खरी, शिक्का खरा, नंबर ११५. रजिस्टर उघडलं तर ११५ वर भलताच माणूस, आणि त्या माणसाचे पैसे जमाही झालेले. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोघं आले, त्यांच्याही पावतीवर ११५. म्हणजे पैसे मिळालेला तो एक धरून ११५ नंबरच्या चार पावत्या बाहेर होत्या आणि रजिस्टरमध्ये मात्र एकच. संचालकांना पहिला संशय ऑफिसातल्या पोरावर आला, जे साहजिक होतं पण बरोबर नव्हतं. मला फाइल तपासायला दिली ती याच टप्प्यावर.

पहिलं काम म्हणजे फाइलची कॉपी करून मूळ फाइल बाजूला ठेवणं. हे सांगायचं कारण असं की मॅक्रोनं सेलमध्ये काही बदललं की एक्सेलची आधीची अनडू यादी पुसली जाते, Ctrl+Z मागे नेत नाही. म्हणून मूळ फाइलवर मॅक्रो चालवून पाहायचा नाही, एकदाही नाही.

रजिस्टरची मांडणी साधी होती. चौथ्या ओळीत मथळे, पाचवीपासून नोंदी. A मध्ये पावती नंबर, B तारीख, C शेतकरी, D गाव, E भरलेलं वजन, F खाली गाडी, G ओलावा, H लपवलेला कॉलम, I दर, J चुकारा. H मध्ये ओलाव्याची कपात किलोत निघायची. कंपनीचा नियम असा की १२ टक्क्यांपर्यंत कपात नाही, वरच्या प्रत्येक टक्क्याला निव्वळ वजनातून १ टक्का कमी. फॉर्म्युले हे होते:

```
H5:  =IF(G5>12,(E5-F5)*(G5-12)/100,0)
J5:  =ROUND((E5-F5-H5)/100*I5,0)
```

कागदावर पाहिलं तर दोन्ही बरोबर आहेत. दोन हजार किलो निव्वळ, ओलावा १३.५, दर ४,४०० धरा. कपात ३० किलो, उरले १९.७० क्विंटल, चुकारा ८६,६८०. शीटही तेच सांगत होती. इथंच बहुतेक लोक तपासणी संपवतात, एखादी गाडी हातानं काढली, जुळली, झालं. पण फॉर्म्युला चांगल्या आकड्यावर बरोबर येतो हे फारसं काही सांगत नाही, खरा प्रश्न असतो की फाइल ज्या अवस्थेत रोज वापरली जाते, म्हणजे फिल्टर लावलेला, कॉलम लपलेले, दुसरीकडून चिकटवलेल्या ओळी, टक्क्याचं चिन्ह घालून भरलेले आकडे, त्या अवस्थेत तो काय करतो. म्हणून मी सगळी तपासणी मुद्दाम फाइल बिघडवून केली.

आधी ११५ चं कोडं. शीटबाहेरचं, शीटला हात न लावता तयार झालेलं काहीतरी हातात पाहिजे होतं, आणि ते होतं, काट्यावरचं कार्बन कॉपीचं बुक. त्यातल्या पावत्या मोजल्या तर २१५ गाड्या, रजिस्टरमध्ये २१२. निव्वळ वजनाची बेरीज दोन्हीकडची केली तर फरक ५,०१० किलोचा. आता गंमत नाही, खरंच डोकं लावायची गोष्ट ही की रजिस्टरमध्ये पावती नंबर १ ते २१२ सलग होते, एकही गाळलेला नाही, एकही दुबार नाही. जो कोणी फक्त नंबर सलग आहेत का एवढं पाहील तो म्हणेल रजिस्टर स्वच्छ आहे.

मग तारखा पाहिल्या. नोंदी एकाखाली एक येतात म्हणजे तारीख खाली जाताना वाढली पाहिजे किंवा तीच राहिली पाहिजे, मागे जायला नको. एका रिकाम्या सेलमध्ये हे टाकलं:

```
=SUMPRODUCT(--(B6:B216<B5:B215))
```

उत्तर शून्य यायला पाहिजे होतं, आलं १. ती जागा ओळ ११९ ची. तिच्यावरच्या ओळीला १४ तारीख, खालच्या ओळीला १४ तारीख आणि मधल्या या ओळीला १६. म्हणजे १६ तारखेची नोंद १४ तारखेच्या नोंदींमध्ये जाऊन बसली होती. ओळ ११९ म्हणजेच पावती ११५.

मॅक्रो उघडला, Alt+F11. नवी नोंद कुठं टाकायची हे ठरवणारा भाग असा होता:

```vba
r = Cells(Rows.Count, "A").End(xlUp).Row + 1
Cells(r, "A").Value = Cells(r - 1, "A").Value + 1
```

ही पद्धत इतकी सर्रास वापरतात की कोणी तिच्याकडं दोनदा पाहत नाही. शीटच्या अगदी तळाशी जा, तिथून वर या, जिथं भरलेला सेल लागेल ती शेवटची ओळ, तिच्या खाली लिहा. म्हणजे हातानं Ctrl आणि वरचा बाण दाबल्यासारखंच. आणि Ctrl+बाण जसा लपलेल्या ओळींवरून उडी मारतो तसंच End(xlUp) पण मारतं. फिल्टर लावून शेवटच्या ओळी लपलेल्या असतील तर त्याला त्या दिसतच नाहीत, त्याच्या लेखी शेवटची ओळ म्हणजे दिसणारी शेवटची ओळ.

पोराला विचारलं, १६ तारखेला काही वेगळं केलं होतं का. तो घाबरलेलाच होता, म्हणे, "नाही जी, म्या काहीच नाही केलं, एका गावचे लोक आले होते, आमच्या गावचा किती माल आला सांग म्हणे, तं गावाचा फिल्टर लावून सांगतलं फक्त." फिल्टर लावला, सांगितलं, आणि तेवढ्यात काट्यावर गाड्यांची लाइन लागली म्हणून फॉर्म उघडला. फिल्टर तसाच राहिला.

त्या वेळी रजिस्टरमध्ये १२७ पावत्या होत्या, म्हणजे शेवटची ओळ १३१. पण त्या गावची शेवटची गाडी होती ११४ नंबरची, ओळ ११८ वर. ११९ ते १३१ लपलेल्या. मॅक्रोनं ११८ ला शेवटची मानलं, ११९ वर लिहिलं, आणि नंबर दिला ११४ अधिक १, म्हणजे ११५. मूळ ११५ वाल्याची नोंद तिथंच पुसली. आणि नंबर नेमका तोच पडल्यामुळं क्रम कुठंच तुटला नाही, म्हणून तर रजिस्टर इतकं निर्दोष दिसत होतं.

याच्या पुढचं मला स्वतःला करून पाहिल्याशिवाय पटलं नसतं. लपलेल्या ओळीत मॅक्रोनं लिहिलं तरी ती ओळ लपलेलीच राहते, फिल्टर परत लागू केल्याशिवाय ती बाहेर येत नाही. म्हणजे पुढची गाडी सेव्ह केली की शेवटची दिसणारी ओळ अजून ११८ च, परत ११९ वर लिहिणार, परत ११५ नंबर. कॉपी केलेल्या फाइलवर त्याच गावाचा फिल्टर लावून तीन खोट्या नोंदी सेव्ह केल्या, टेस्ट एक, टेस्ट दोन, टेस्ट तीन. फिल्टर काढल्यावर ओळींची संख्या जशीच्या तशी आणि ओळ ११९ मध्ये फक्त टेस्ट तीन. १६ तारखेला फिल्टर असताना तीन गाड्या आल्या होत्या. मूळ ११५ वाला पुसला, पहिल्या गाडीवाला पुसला, दुसऱ्या गाडीवाला पुसला, तिसरा राहिला. कार्बन बुकात त्या पुसलेल्या तिघांचं निव्वळ वजन १,८४०, २,२१० आणि ९६० किलो. बेरीज ५,०१०. वजनाचा फरक पैसाभरही इकडंतिकडं न होता जुळला, आणि पोरावरचा संशय तिथंच संपला, ते मी संचालकांना त्या पोरासमोरच सांगितलं.

दुरुस्ती अशी केली:

```vba
Set ws = ThisWorkbook.Worksheets("Register")
If ws.FilterMode Then ws.ShowAllData
ws.Rows.Hidden = False
r = ws.Cells(ws.Rows.Count, "A").End(xlUp).Row + 1
If Application.WorksheetFunction.CountA( _
     ws.Range("A" & r & ":G" & r)) > 0 Then
    MsgBox "Ol rikami nahi. Thamba."
    Exit Sub
End If
```

FilterMode आधी विचारायचं कारण, फिल्टर नसताना ShowAllData चालवलं तर मॅक्रो एरर देऊन थांबतो. ws लावायचं कारण, नुसतं Cells लिहिलं तर जी शीट त्या वेळी उघडी असेल तिच्यावर लिहिलं जातं, रजिस्टर असो की नसो. आणि शेवटची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, वरच्या सगळ्या गोष्टी उद्या कोणी काढून टाकल्या तरी भरलेल्या ओळीवर लिहिणं थांबेल, कारण CountA लपलेले सेलही मोजतं. मेसेज रोमनमध्ये आहे कारण व्हीबीए एडिटरमध्ये देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हं होऊन बसतात.

हे केल्यावर फिल्टरची तीच चाचणी परत घेतली, मग फिल्टर न लावता शेवटच्या ओळी हातानं हाइड करून घेतली, मग दुसरी शीट उघडी ठेवून घेतली. तिन्ही वेळा नोंद बरोबर शेवटी गेली. शिवाय रजिस्टरच्या पहिल्या ओळीत, म्हणजे फिल्टरच्या बाहेर, एक इशारा ठेवला:

```
=IF(SUBTOTAL(103,A5:A2000)<>COUNTA(A5:A2000),"ओळी लपल्या आहेत","")
```

SUBTOTAL मध्ये ३ आणि १०३ चा फरक लक्षात ठेवायसारखा आहे, दोन्ही भरलेले सेल मोजतात आणि दोन्ही फिल्टरनं लपलेल्या ओळी सोडून देतात, पण हातानं हाइड केलेल्या ओळी फक्त १०३ सोडतं. बेरजेसाठी ९ आणि १०९ चं तसंच. ऑफिसात रोजच्या आवकेची बेरीज ९ वर होती आणि संचालक फिल्टर लावलेल्या शीटवरची बेरीज पाहून एकूण माल समजत होते, तिथं साधं SUM ठेवलं. हातानं ओळ हाइड केल्यावर इशारा लगेच नाही आला तर F9 दाबायचं.

इथं प्रकरण बंद करता आलं असतं, तिघांचे पैसे काढून दिले असते. पण जी फाइल एका अवस्थेत तपासली गेली नव्हती ती दुसऱ्या अवस्थेतही तपासलेली नसणार, म्हणून ओलाव्याकडं वळलो.

दहा ओळींची एक चाचणी तयार केली. सगळीकडं निव्वळ दोन हजार किलो, दर ४,४००, बदलणार फक्त ओलावा, आणि प्रत्येकाचं उत्तर आधी वहीत कॅल्क्युलेटरवर काढून ठेवलं, शीट उघडायच्या आधी, नाहीतर शीटनं दिलेला आकडाच बरोबर वाटायला लागतो. ओलावा ९, ११.५, बरोबर १२, १२.१, १३.५, १८, रिकामा, आणि मग तीन वाकडे, म्हणजे टेक्स्ट फॉरमॅटच्या सेलमध्ये १३.५, टेक्स्टमध्येच ११.५, आणि टक्क्याच्या फॉरमॅटमध्ये १३.५.

पहिले सहा जुळले. १२ ला कपात शून्य, १२.१ ला दोन किलो. रिकाम्या सेलला कपात शून्य आली, म्हणजे ओलावा मोजलाच नाही तर माल कोरडा धरला जातो, एक्सेल रिकाम्या सेलला शून्य समजतं. टेक्स्टमधला १३.५ पण जुळला, ८६,६८०. टेक्स्टमधला ११.५ मात्र ८८,४४० आला. ११.५ ओलाव्याला कपात नाही, सरळ ८८,००० पाहिजे होते, ४४० जास्त.

याचं कारण नीट समजून घ्यायसारखं आहे. एक्सेलमध्ये तुलना करताना टेक्स्ट हे कोणत्याही आकड्यापेक्षा मोठं धरलं जातं. म्हणून टेक्स्ट असलेलं ११.५ हे १२ पेक्षा मोठं आहे का विचारलं तर उत्तर होय. मग फॉर्म्युला कपातीच्या बाजूला जातो, आणि तिथं वजाबाकी आली की तेच टेक्स्ट एक्सेल मुकाट्यानं आकडा करून घेतं, ११.५ वजा १२ म्हणजे उणे अर्धा. कपात झाली उणे १० किलो, म्हणजे वजन १० किलोनं वाढलं. टेक्स्टमधला ओला माल बरोबर येतो कारण त्याला तसंही कपातीच्या बाजूलाच जायचं होतं. तपासणाऱ्यानं फक्त ओल्या मालावर तपासलं असतं तर ही चूक कधीच सापडली नसती, आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा ओला मालच येत असल्यानं सगळे ओल्यावरच तपासतात.

टक्क्याच्या फॉरमॅटमधली ओळ त्याहून वाईट. सेलचा फॉरमॅट टक्क्याचा असेल आणि १३.५ टाइप केलं तर स्क्रीनवर १३.५०% दिसतं पण आत ०.१३५ असतं. ते १२ पेक्षा मोठं नाही, कपात शून्य, चुकारा ८८,०००, म्हणजे १,३२० जास्त. ओलावा टक्क्यातच असतो म्हणून कोणाला तो % पाहून खटकतही नाही, उलट जास्त बरोबर वाटतो.

खऱ्या रजिस्टरमध्ये असं किती आहे ते पाहायला दोन ओळी पुरल्या:

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(G5:G216))
=COUNTIF(G5:G216,"<1")
```

टेक्स्टवाल्या ओळी सापडल्या, टक्क्यावाल्याही थोड्या सापडल्या. टेक्स्टचं मूळ असं की कोणीतरी कधीतरी G च्या काही सेलचा फॉरमॅट Text केला होता आणि नंतर तो परत Number केला तरी आधी भरलेला आकडा टेक्स्टच राहतो, सेलमध्ये F2 दाबून एंटर केल्याशिवाय तो बदलत नाही. म्हणून फॉरमॅट पाहून खात्री करता येत नाही, ISTEXT लाच विचारावं लागतं.

संचालकांपैकी एक काका, जे स्वतः जुन्या सोसायटीत हिशोब पाहत होते, ते म्हणाले डेटा व्हॅलिडेशन लावून टाका, ५ ते २५ च्या बाहेर आकडा घेऊच नका. लावलं, पण त्यावर भरवसा ठेवला नाही, कारण व्हॅलिडेशन फक्त सेलमध्ये हातानं टाइप करणाऱ्याला अडवतं. मॅक्रोनं लिहिलेलं अडवत नाही, बाहेरून चिकटवलेलं अडवत नाही, आणि इथं नव्या नोंदी याच दोन रस्त्यांनी यायच्या. म्हणून फॉर्म्युलाच कडक केला:

```
=IF(AND(ISNUMBER(G5),G5>=5,G5<=25),MAX(0,G5-12)*(E5-F5)/100,"तपासा")
```

आता टेक्स्ट, रिकामा, ०.१३५, काहीही आलं तर कपातीत तपासा येतं, चुकाऱ्यात #VALUE! येतं आणि खालची बेरीजही #VALUE! होते. पोराला ते आवडलं नाही, शीट खराब दिसते म्हणे. त्यानं IFERROR लावून शून्य दाखवू का विचारलं, त्याला स्पष्ट नाही सांगितलं. चुकाऱ्याची यादी बँकेत जायच्या आधी अडली पाहिजे, शून्य दाखवलं तर ती अडत नाही, तो शेतकरी गुपचूप यादीतून जातो.

तिसरी चूक लपलेल्या H मध्ये होती आणि ही शेतकऱ्याच्या विरोधात जाणारी होती. मध्ये एक दिवस लाइट नव्हती, ऑफिसचा कॉम्प्युटर बंद, तर काट्यावरच्या लॅपटॉपवर याच फाइलच्या कॉपीत नोंदी घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी A पासून J पर्यंतचा पट्टा उचलून रजिस्टरमध्ये Paste Values केला. फॉर्म्युले बिघडू नयेत म्हणून वॅल्यूज, हेतू चांगलाच. पण त्यामुळं त्या ओळींच्या H आणि J मध्ये फॉर्म्युले राहिलेच नाहीत, नुसते आकडे बसले. J दिसत होता, H लपलेला, आणि चिकटवताना एक्सेल लपलेला कॉलम सोडून पुढं जात नाही, त्याच्यातही लिहितं.

त्या दिवशी तरी काही बिघडलं नाही, आकडे बरोबरच होते. बिघडलं नंतर. काही शेतकऱ्यांनी ओलावा परत मोजायला लावला, मीटरमध्ये दाणे नीट भरले नव्हते, तर G मध्ये नवा आकडा टाकला. १,६०० किलोची एक गाडी, ओलावा १५ होता तो १३ झाला. कपात ४८ वरून १६ किलोवर यायला पाहिजे होती, H मध्ये ४८ तसंच. ३२ किलो, ४,४०० च्या दरानं १,४०८ रुपये त्या माणसाला कमी गेले. त्याच्या पावतीवर ओलावा १३ छापलेला आणि रक्कम १५ ची. कोणी पाहून सांगू शकत नाही, हिशोब करूनच कळतं.

हे पकडायची चाचणी अगदी सोपी आहे, आकडा बदला आणि उत्तर हललं का पाहा. कॉपीत सगळ्या ओळींचा G एका टक्क्यानं वाढवला. आधी रिकाम्या सेलमध्ये १ लिहून कॉपी केला, G निवडून Paste Special मध्ये Values आणि Add घेतलं, Values यासाठी की सेलचा फॉरमॅट त्यासोबत बदलू नये. आधीचा J बाजूच्या कॉलमात ठेवला होता, नवा J त्याच्याशी ताडला. १२ च्या वरची प्रत्येक ओळ हलली पाहिजे. ज्या हलल्या नाहीत त्या सगळ्या त्या लाइट गेलेल्या दिवसाच्या. मग खात्रीसाठी:

```
=SUMPRODUCT(--NOT(ISFORMULA(H5:H216)))
```

हा आकडा शून्य पाहिजे, J साठीही तसाच. नेमक्या कोणत्या ओळी ते पाहायला H निवडून F5, Special, Constants घेतलं की त्या एकदम निवडून येतात. कॉलम लपलेला असेल तर आधी तो उघडायचा, आणि माझं मत विचाराल तर ज्या कॉलमवर पैसे ठरतात तो लपवायचाच नाही, छापताना नको असेल तर प्रिंट एरियाच्या बाहेर ठेवायचा.

फॉर्म्युला आहे एवढंही पुरत नाही, तो प्रत्येक ओळीत तोच आहे का हेही पाहावं लागतं, कारण ओढत नेताना मध्येच कोणी १२ चं १३ करून ठेवलेलं असू शकतं. त्यासाठी एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये R1C1 reference style चालू केलं. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक ओळीत फॉर्म्युला वेगळा दिसतो, H5 मध्ये G5, H6 मध्ये G6. R1C1 मध्ये मात्र बरोबर कॉपी झालेला फॉर्म्युला सगळ्या ओळींत अक्षरशः एकच दिसतो, जो वेगळा तो डोळ्यात भरतो. Ctrl आणि ` दाबून फॉर्म्युले उघडे केले आणि वरून खाली नजर फिरवली. त्या ओळी सोडल्या तर बाकी सगळे एकसारखे निघाले.

ही तपासणी जिथं पोचत नाही ती जागाही संचालकांना सांगितली. काट्यावर १,८४० ऐवजी १,४८० लिहिलं गेलं तर कोणताही फॉर्म्युला ते ओळखणार नाही, त्याला फक्त कार्बन बुक. आणि मॅक्रोनं पुसलेल्या नोंदी फाइलमधून परत आणता येत नाहीत. पेन ड्राइव्हवर बॅकअप होता पण रोज त्याच नावानं, आजचा कालच्यावर, त्यामुळं १६ तारखेच्या आधीची फाइल उरलीच नव्हती. त्या तिघांची नोंद कार्बन बुक आणि त्यांच्या हातातल्या पावत्यांवरून नव्यानं केली, नंबर ११५-अ, ११५-ब, ११५-क. A कॉलममध्ये असे नंबर घातले की मॅक्रोचं अधिक १ अडकतं, म्हणून त्यांना रजिस्टरमध्ये न घालता वेगळ्या शीटवर ठेवलं आणि बेरजेत ती शीट जोडली.

तिघांचे चुकारे त्याच आठवड्यात गेले. ओलावा दुरुस्त होऊनही ज्यांना कमी मिळालं होतं त्यांचा फरक पुढच्या यादीत लावला. जास्त गेलेले पैसे शेतकऱ्यांकडून परत मागायचे नाहीत असं संचालकांनी ठरवलं, चूक कंपनीच्या शीटची होती, हरभऱ्याच्या पेरणीच्या तोंडावर कोणाच्या दारात जायचं नाही असं काकांनीच ठामपणे मांडलं. ती रक्कम कंपनीच्या खर्चात लिहिली.

दहा ओळींची ती चाचणी आता फाइलमध्येच एका वेगळ्या शीटवर आहे, वहीत काढलेली उत्तरं बाजूच्या कॉलमात हातानं लिहिलेली, फॉर्म्युल्यानं नाही. रिकाम्या आणि वाकड्या ओळींसमोर अपेक्षित उत्तर तपासा असं आहे, म्हणजे तिथं आकडा आला तरच चाचणी नापास. पावती तारखेच्या उलट गेली का, H आणि J मध्ये फॉर्म्युला नसलेली ओळ आहे का, ओळी लपल्या आहेत का, हे तिन्ही आकडे रजिस्टरच्या पहिल्या ओळीत दिसतात आणि चुकाऱ्याची यादी काढायच्या दिवशी पोरगा त्यांचा प्रिंट काढून कार्बन बुकाच्या बेरजेसोबत यादीला लावतो. बॅकअप तारखेच्या नावानं ठेवणं सुरू आहे. काट्यावरच्या लॅपटॉपमधली जुनी कॉपी काढून टाकली, तिथं आता लाइट गेली तर नुसती कागदावर नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी फॉर्ममधूनच भरली जाते.